फाटकावरची रात्र कामात धरायची की विश्रांतीत?

आडरानातले एक रेल्वे फाटक डोळ्यांसमोर आणा. शेजारी पत्र्याची किंवा विटांची छोटी खोली, आत एक टेबल, रजिस्टर, टेलिफोन, लाल-हिरवे झेंडे आणि हातदिवा. फाटकवाल्याची ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. फोन वाजतो. स्टेशन मास्तर गाडीचा नंबर सांगतात. फाटकवाला रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकतो, हँडल फिरवून फाटक बंद करतो, कुलूप लावतो आणि स्टेशनला ‘प्रायव्हेट नंबर’ देतो. हा नंबर म्हणजे फाटक खरोखर बंद झाल्याची ग्वाही, म्हणून तो दोन्हीकडच्या रजिस्टरांत लिहिला जातो. मग हातात दिवा घेऊन तो रुळाशेजारी उभा राहतो. गाडी जाताना एखाद्या डब्याचा धुरा तापून धूर येत नाही ना, खाली काही लोंबकळत नाही ना, हे पाहतो. शेवटच्या डब्यातल्या गार्डाशी इशाऱ्यांची देवाणघेवाण होते, शेवटचा डबा गेल्याची खात्री पटते आणि फाटक उघडते. पुन्हा शांतता. पुढचा फोन वीस मिनिटांनी येईल किंवा तासाभराने.

या मधल्या शांततेला काय म्हणायचे, यावर त्या माणसाच्या आठवड्याचे तास ठरतात. प्रश्न फाटकवाल्याचा एकट्याचा नाही. ऑन कॉल खोलीत पडलेला निवासी डॉक्टर, डेपोत पुढच्या फेरीची वाट पाहणारा एसटी चालक, घरी मोबाइल उशाशी घेऊन झोपणारा वीज कंपनीचा तंत्रज्ञ, पहाटेच्या पाळीसाठी रात्रीच घराबाहेर पडणारा वॉचमन या सगळ्यांच्या दिवसात असा एक भाग असतो, जो धड कामाचा नसतो आणि धड स्वतःचाही नसतो. पण रेल्वेच्या फाटकावर या प्रश्नाचे उत्तर कायद्याने अगदी आकड्यांत दिले आहे, म्हणून आधी तिथेच थांबू.

१९८९च्या रेल्वे कायद्यात कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास ठरवणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कामाचे वर्ग पाडले आहेत. ज्यात सतत एकाग्रता किंवा कष्ट लागतात ते ‘तीव्र’ काम, बहुतेकांचे असते ते ‘सलग’ काम, आणि ज्यात मध्ये मध्ये मोठी उसंत मिळते ते ‘मूलतः खंडित’ काम. तीव्र कामासाठी आठवड्याची कायदेशीर कमाल मर्यादा सरासरी ४५ तास, सलग कामासाठी सरासरी ५४ तास आणि खंडित कामासाठी ७५ तास. दुप्पट दराचा ओव्हरटाइम त्या त्या मर्यादेनंतर सुरू होतो. म्हणजे एकाच खात्यात, शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन माणसांच्या कमाल मर्यादेत एकवीस तासांचा फरक पडू शकतो. तो फरक पाडणारी गोष्ट एकच, बारा तासांतला किती वेळ ‘निष्क्रिय’ गेला.

निष्क्रियतेची व्याख्याही कायद्यात आहे. बारा तासांच्या ड्युटीत निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ निष्क्रिय असला पाहिजे. त्यात किमान एक तासाची एक किंवा अर्ध्या तासाच्या दोन सलग मोकळ्या वेळा असल्या पाहिजेत. ही सरासरी लागोपाठच्या बहात्तर तासांवर काढायची. आणि निष्क्रिय म्हणजे काय, तर माणूस ड्युटीवर आहे, पण त्याला शारीरिक हालचालही करावी लागत नाही आणि सलग लक्षही द्यावे लागत नाही असा वेळ.

आता हिशेब मांडून पाहू. आपल्या फाटकावर एका गाडीला, फोन उचलल्यापासून फाटक उघडेपर्यंत, बारा मिनिटे लागतात असे समजा. रात्रीच्या बारा तासांत चौदा गाड्या गेल्या तर काम झाले १६८ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे अधिक. उरलेले नऊ तास निष्क्रिय. हे काम खंडित आहे, याबद्दल फारसा वाद होणार नाही.

मार्गावर गाड्या वाढल्या आणि त्याच रात्रीत अठ्ठावीस झाल्या, तर काम ३३६ मिनिटे. ड्युटी ७२० मिनिटांची. निष्क्रिय वेळ ३८४ मिनिटे, म्हणजे अजूनही निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के. पहाटे कुठेतरी अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन फटी सापडल्या की कायद्याच्या दृष्टीने हे कामही खंडितच. पण ३८४ मिनिटे अठ्ठावीस गाड्यांच्या मध्ये वाटली तर दोन गाड्यांच्या मधला सरासरी वेळ चौदा मिनिटांचाही होत नाही. एवढ्या वेळात झोप सोडाच, चहा टाकून तो निवांत पिणेही जमेल याची खात्री नाही. गाड्या एकतीस झाल्या की काम ३७२ मिनिटे होते, तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो आणि तेच फाटक ‘सलग’ वर्गात जाते. अठ्ठावीस आणि एकतीस यांच्यात माणसाला जाणवेल असा फरक फारसा नाही. मात्र खंडित वर्गात बारा तासांच्या सहा पाळ्या, म्हणजे आठवड्याचे ७२ तास कायद्यात बसतात; सलग वर्गात ते बसत नाहीत. मग दोन माणसांत चालणाऱ्या फाटकाला तीन माणसे लावावी लागतात आणि आठ तासांच्या पाळ्या कराव्या लागतात. वाहत्या रस्त्यांवरच्या फाटकांवर तशा त्या आहेतही. म्हणूनच मोजणीच्या वेळी कोणत्या तीन दिवसांची निवड झाली, मालगाड्या धरल्या का, फाटक बंद करून गाडीची वाट पाहत उभे राहण्याची मिनिटे कोणत्या रकान्यात गेली, यावर भांडणे होतात. वर्गवारी मान्य नसेल तर कर्मचाऱ्याला केंद्राच्या प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे अपील करता येते आणि तिथे पुन्हा मोजणीही होऊ शकते.

ही कल्पना आली कुठून? १९१९ साली वॉशिंग्टनला झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कारखान्यांसाठी आठ तासांच्या दिवसाचा करार केला. भारताने तो १९२१मध्ये मान्य केला, पण इथल्यासाठी त्यात साठ तासांच्या आठवड्याची वेगळी तरतूद होती. ज्यांचे काम मुळातच खंडित स्वरूपाचे आहे त्यांना वेगळा नियम लावण्याची मुभाही त्याच करारात आहे. १९३०च्या दुरुस्तीने भारतीय रेल्वेत ती आली, तेव्हा खंडित कामाची मर्यादा ८४ तास होती. चौऱ्याऐंशी म्हणजे बारा गुणिले सात, सुट्टी नाहीच. स्वातंत्र्याच्या तोंडावर रेल्वे कामगार आणि प्रशासन यांच्यातला वाद मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे लवादासाठी गेला. त्यांचा १९४७चा निवाडा हा रेल्वेतल्या कामाच्या तासांचा आजही पाया मानला जातो. त्यानंतर ८४चे ७५ झाले आणि आठवड्यातून एका पूर्ण रात्रीसह सलग चोवीस तासांच्या विश्रांतीचा हक्क कायद्यात आला. त्या काळाच्या मानाने ही मोठी मजल होती, हे मान्य करायला हवे.

या नियमांत आणखी एक बारकावा आहे. आडबाजूच्या स्टेशनांवर खंडित काम करणाऱ्याचे क्वार्टर कामाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल, तर त्याच्याकडून आठवड्याला इतरांपेक्षा जास्त तास घेता येतात. म्हणजे ये-जा करण्याचा वेळ वाचतो, तो ड्युटीत भरून घ्यायचा. प्रवासाचा वेळ कामाचा नाही असे एरवी ठामपणे म्हणणारी व्यवस्था इथे मागच्या दाराने तो मोजते, पण फक्त वजाबाकीसाठी. क्वार्टर दूर असेल म्हणून ७५ची मर्यादा काही खाली येत नाही.

इथे आरोग्याचा प्रश्न सुरू होतो. कायदा विचारतो, हात चालला का, लक्ष लागले का. दोन्ही नाही, तर तो वेळ निष्क्रिय. शरीर मात्र वेगळ्या पद्धतीने मोजते.

१९८८मध्ये स्वीडनच्या लार्श तोर्स्वाल आणि टॉर्बियोर्न ओकरस्टेट या संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनीअरांची झोप मोजली. त्या जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसे. बिघाड झाला की इंजिनीअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजे आणि त्याने उठून जायचे. ड्युटी नसलेल्या रात्रीही तो त्याच केबिनमध्ये, त्याच पलंगावर झोपे. म्हणजे जागा, आवाज, हेलकावे सगळे तेच. फरक फक्त बोलावले जाण्याच्या शक्यतेचा. डोक्याला इलेक्ट्रोड लावून नोंदी घेतल्या तेव्हा दिसले की ऑन कॉल रात्री झोप कमी होते, गाढ झोपेचा आणि स्वप्नझोपेचा वाटा घटतो, हृदयाचे ठोके जलद राहतात आणि दुसऱ्या दिवशी पेंग जास्त येते. अलार्मने झोप मोडणार हे उघड आहे. पण पहिला अलार्म वाजण्याच्या आधीच्या तासांतही झोप उथळ होती. पाहणी दहाच जणांची होती, त्यामुळे तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी तिचा अनुभव कोणाही आईला असतो. तापलेले लेकरू शेजारी झोपले असेल तेव्हा ते रात्रभर उठले नाही, तरी सकाळी अंग आंबलेले असते.

या उथळ झोपेचे कारण समजायला अवघड नाही. मेंदू झोपेतही आवाजांची चाळणी करत असतो आणि महत्त्वाचा ठरलेला आवाज आला की जागा होतो. ‘फोन वाजेल, चुकता कामा नये’ ही सूचना घेऊन झोपलेला मेंदू जागेपणाचा उंबरठा खाली ठेवतो. घरून ऑन कॉल असणाऱ्यांवर जर्मनीत झालेल्या पाहण्यांत, उपलब्ध राहण्याच्या रात्रीनंतर सकाळी मनःस्थिती खालावलेली आणि कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी बदललेली आढळली. प्रत्यक्ष फोन किती आले एवढ्यावरून ते सगळे समजावता येत नव्हते.

दुसरी गोष्ट जागे झाल्यानंतरची. गाढ झोपेतून एकदम उठवलेला माणूस काही मिनिटे अर्धवट असतो. याला झोपेची जडता म्हणतात. २००६मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात आठ तास नीट झोपलेल्या स्वयंसेवकांना उठल्या उठल्या बेरजा करायला दिल्या. पहिल्या काही मिनिटांतली त्यांची कामगिरी, पुढे सव्वीस तास सलग जागल्यानंतरच्या कामगिरीपेक्षाही वाईट होती. सर्वांत गडद परिणाम दहाएक मिनिटांत ओसरतो, पुसट खुणा तास-दोन तास राहतात. फाटकवाल्याने डुलकी काढणे गुन्हा आहे, पण ऑन कॉल डॉक्टरला आपण झोपायला खोली देतो आणि मग इमर्जन्सीत त्याच पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याकडून औषधाची मात्रा ठरवून घेतो.

आणि जो झोपत नाही, नुसता वाट पाहतो, त्याचे काय? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला एक प्रश्न पडला होता. रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधणारे तरुण काही वेळाने ठिपके चुकवू लागत. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळ बनवले. त्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरके आणि क्वचित कधीतरी दोन पावलांची उडी मारे. ती उडी टिपायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतर उड्या चुकू लागल्या. अर्धा तास काम आणि अर्धा तास पूर्ण सुटका अशी पाळी लावली, तर घसरण टळली. फाटकवाल्याला काट्याकडे टक लावून बसायचे नसते, त्याला फोन येतो. त्यामुळे हा प्रयोग त्याला जशाच्या तसा लागू पडत नाही. पण क्वचितच घडणाऱ्या गोष्टीसाठी सज्ज राहणे हेच थकवणारे असते, एवढे त्यातून निश्चित कळते. मॅकवर्थ यांच्या विश्रांतीत ‘पूर्ण सुटका’ होती. चौदा मिनिटांच्या फटीत ती नाही.

युरोपात हाच वाद न्यायालयात गेला, तो डॉक्टरांच्या बाबतीत. जर्मनीतल्या कील शहराच्या इस्पितळातले येगर नावाचे डॉक्टर महिन्याला साधारण सहा ऑन कॉल ड्युट्या करत. नेहमीचा दिवस संपला की ऑन कॉल सुरू होई, आठवड्याच्या मधल्या दिवशी सोळा तासांची, शनिवारी तर पंचवीस तासांची. इस्पितळात त्यांना पलंगासह खोली होती; बोलावणे नसेल तेव्हा झोपायला परवानगी होती. प्रत्यक्ष कामाचा वेळ सरासरी ४९ टक्क्यांहून अधिक नसे. आपल्या रेल्वेच्या निम्म्याच्या कसोटीशी हा आकडा किती जवळ आहे पाहा. तेव्हाचा जर्मन कायदाही तसाच होता, न बोलावलेला वेळ विश्रांतीत जाई. सप्टेंबर २००३मध्ये युरोपीय न्यायालयाने हे अमान्य केले. न्यायालयाचे म्हणणे असे की डॉक्टर झोपला होता की जागा, हा प्रश्नच नाही. मालकाने ठरवलेल्या जागी, घरापासून दूर, हाकेला हजर राहण्याची सक्ती त्याच्यावर होती. म्हणून सगळे तास कामाचे. शिवाय अशा ड्युटीची भरपाई करणारी विश्रांती लगेच मिळायला हवी, पुढच्या महिन्यात कधीतरी नाही. जर्मनीने २००४च्या सुरुवातीपासून आपला कायदा बदलला.

इथे कसोटीच बदलली. ‘काम किती केले’ याऐवजी ‘मोकळीक किती होती’ हे विचारले गेले, आणि झोपेच्या नोंदी ज्या दिशेने बोट दाखवतात ती हीच दिशा आहे. पण मग घरून ऑन कॉल असणाऱ्याचे काय? तो तर आपल्या घरात असतो. बेल्जियममधल्या नीवेल गावच्या एका स्वयंसेवक अग्निशामकाला घरी असतानाही आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचण्याची अट होती. २०१८मध्ये न्यायालयाने तो वेळ कामाचा ठरवला. आठ मिनिटांच्या दोरीने बांधलेला माणूस मोकळा कसा? उलट २०२१मध्ये जर्मनीतल्या ओफेनबाख शहराच्या अग्निशामकाच्या बाबतीत, जिथे गणवेश घालून वीस मिनिटांत शहराच्या हद्दीवर पोहोचायचे होते, न्यायालयाने सरसकट उत्तर देणे टाळले. किती मिनिटांत पोहोचायचे, किती वेळा बोलावले जाते, बोलावणे आल्यावर प्रत्यक्ष काम किती वेळ चालते, हे सारे एकत्र पाहायचे आणि या अटींनी माणसाच्या स्वतःच्या वेळावर खरोखर मोठी गदा येते का, ते ठरवायचे. आणि ही गदा मालकाने घातलेल्या अटींमुळे यायला हवी. आपण हौसेने दूर राहायला गेलो म्हणून वीस मिनिटे कमी पडतात, हे त्यात धरले जात नाही.

पगाराबाबत मात्र इथे गफलत होते, आणि ती दोन्ही बाजूंकडून होते. युरोपातले हे निकाल तासांच्या मर्यादेबद्दल आहेत, पैशांबद्दल नाहीत. झेकियातल्या एका डॉक्टरच्या प्रकरणात न्यायालयाने २००७मध्ये स्पष्ट केले की ऑन कॉलचे सगळे तास मर्यादेत मोजावे लागतील, पण न बोलावलेल्या तासांना कमी दर देता येईल. हे वरवर पाहता अन्यायाचे वाटते. मला मात्र ही फोड उपयोगाची वाटते. आपल्याकडे या विषयावरची प्रत्येक बोलणी पैशांवर येऊन अडते. सगळ्या तासांना पूर्ण पगार परवडत नाही म्हणून प्रशासन ते तास कामाचे मानतच नाही, आणि एकदा ते कामाचे नाहीत म्हटले की थकव्याच्या हिशेबातूनही जातात. कमी दराने का होईना पण मर्यादेत मोजलेला तास, अजिबात न मोजलेल्या तासापेक्षा शरीराला जास्त राखतो.

महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न नेमका इथे अडकला आहे. केंद्राच्या १९९२च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ‘सक्रिय’ ड्युटी साधारणपणे बारा तासांहून अधिक नसावी असे म्हटले आहे, आणि ऑन कॉल ड्युटीचा उल्लेख वेगळा, एका वेळी बारा तासांपर्यंत. ‘सक्रिय’ हा एक शब्द पुढे-मागे सरकवला की छत्तीस तासांची ड्युटी कागदावर बारा अधिक बारा अधिक बारा अशी दिसते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२३चे पदव्युत्तर नियम ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच म्हणतात. आयोगाच्या कृती गटाने २०२४मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. आकडा आला हे बरे झाले. पण ७४मध्ये काय धरायचे, हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वॉर्डाशेजारच्या खोलीतली रात्र त्यात धरली, तर आठवड्याला दोन रात्री आणि सहा दिवस एवढ्यानेच मर्यादा संपत येते. धरली नाही, तर ९० तास राबणारा डॉक्टरही कागदावर मर्यादेत राहतो.

प्रवासाचे काय, हा मुंबई-पुण्याच्या वाचकाचा पहिला प्रश्न असणार. विरारहून चर्चगेटला रोज येणाऱ्याचे जाऊन-येऊन तीन तास जगात बहुतेक कुठेही कामात धरले जात नाहीत, कारण कुठे राहायचे हे मालकाने ठरवलेले नसते. अपवाद ज्यांना ठरलेले ऑफिसच नाही त्यांचा. स्पेनमध्ये सुरक्षा यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीने २०११मध्ये विभागीय कार्यालये बंद केली आणि तंत्रज्ञांना घरूनच थेट ग्राहकाकडे जायला लावले. पहिल्या ग्राहकापर्यंतचा प्रवास कधी कधी तीन तासांचा होई. २०१५मध्ये न्यायालयाने तो कामाचा वेळ ठरवला, कारण कुठे जायचे ते कंपनी ठरवत होती आणि रस्त्यातही माणूस तिच्याच हुकमात होता. आपल्याकडे गावोगाव फिरून मीटर, लिफ्ट, एसी दुरुस्त करणाऱ्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही प्रवासाकडे पाहिले आहे, पण वेगळ्या खिडकीतून. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन एप्रिल २००३मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. तो अजून कामावर पोहोचला नव्हता, म्हणून भरपाई नाही, असे उच्च न्यायालयाचे मत पडले. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. पाळीची वेळ, ठिकाण आणि तो रस्ता यांचा नोकरीशी थेट संबंध दिसत असेल, तर जाता-येताचा अपघात नोकरीमुळे झालेला मानावा, हा कर्मचारी राज्य विमा कायद्यातला नियम त्यांनी कामगार भरपाई कायद्यालाही लावला. पहाटे तीनला रस्त्यावर असण्याचे दुसरे कारण त्या माणसाला नव्हते. तासांच्या मर्यादेत मात्र तोच रस्ता आजही मोजला जात नाही. मेल्यानंतर तो नोकरीचा भाग होतो. जिवंतपणी, आठवड्याच्या हिशेबात, तो त्याचा खासगी वेळ.

झोपेच्या दृष्टीने या खासगी वेळाचा हिशेब असा पडतो. रात्री आठला संपणारी बारा तासांची ड्युटी, सकाळी आठला पुन्हा हजेरी. मध्ये बारा तास. त्यातून जाण्या-येण्याचे तीन, जेवण, आंघोळ, घरचे थोडेफार असे दोन-अडीच काढले की झोपेला साडेसहा ते सात उरतात, तेही अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली तर. घर दहा मिनिटांवर असणाऱ्याला नऊ मिळतात. कायद्याच्या कागदावर दोघांचीही विश्रांती बाराच तासांची.

तुमच्या नोकरीत ऑन कॉल असेल तर आठवडाभर एक साधी नोंद ठेवून पाहा. बोलावणे आल्यापासून किती मिनिटांत हजर व्हायचे आहे, किती रात्री फोन आला, आणि ज्या रात्री फोन आलाच नाही त्या रात्रीची झोप सुट्टीच्या रात्रीसारखी होती का. पहिल्या दोन नोंदी युनियनच्या बोलणीत किंवा कामगार आयुक्तांपुढे कामी येतात. तिसरी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, विशेषतः रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल तर. कारण अशा रात्रींनंतर सकाळी घेतलेले आकडे ते वेगळ्या नजरेने वाचतील.